फ्लुवोक्सामिन आणि क्लोझापिन: रेसिडेंटांच्या तासासाठी एक केस, तुमचं मत हवं

रानजाई

नमस्कार मंडळी. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात शिकवते. येत्या गुरुवारी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटांचा क्लिनिकल फार्माकॉलॉजीचा तास माझ्याकडे आहे. विषय: नैराश्यावरची औषधं यकृतातली एन्झाइमं अडवतात, तेव्हा सोबतच्या औषधाचं काय होतं.

आजवर हा विषय मी तक्ता फळ्यावर काढून शिकवला. तक्ता मुलांना पाठ होतो, पण रात्री दोन वाजता वॉर्डात ऑर्डर लिहिताना तो आठवत नाही. म्हणून यंदा एकच केस घ्यायची असं ठरवलंय. केस माझ्याच युनिटची आहे आणि चूकही आमचीच होती. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चौतीस वर्षांचा माणूस, स्किझोफ्रेनिया. क्लोझापिन सकाळी १०० आणि रात्री २५० मिग्रॅ, दीड वर्ष उत्तम चाललेलं. आवाज थांबलेले, पिठाच्या गिरणीवर कामाला जायचा. रोज एक कट्टा विडी. दोन महिन्यांपूर्वी रक्तातली पातळी केली होती, ती ३२० नॅनोग्रॅम. मग हात धुणं सुरू झालं, दिवसाला चाळीस-पन्नास वेळा. क्लोझापिनवर असं होतं हे आम्हाला माहीत होतं. ओपीडीत फ्लुवोक्सामिन ५० मिग्रॅ रात्री दिलं आणि सहाव्या दिवसापासून १०० करायला सांगितलं. क्लोझापिन तेवढंच ठेवलं.

चौथ्या दिवशी उशी लाळेने ओली. आठवड्याने दुपारी बारापर्यंत झोप, चालताना तोल जाणं, पोट साफ नाही. बाराव्या दिवशी रक्ताची नेहमीची तपासणी झाली, न्यूट्रोफिल ३८०० आले, ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून घरी पाठवलं. त्याच दिवशी आई म्हणाली होती, ‘हाताला मधेच हिसका बसतो, चहाचा कप दोनदा पडला.’ कागदावर तेही लिहिलंय, पण कोणी थांबून विचार केला नाही. पंधराव्या दिवशी घरी आकडी आली. भरती करताना घेतलेल्या रक्तात पातळी १२८० निघाली, पण तो रिपोर्ट हातात यायला आठवडा गेला.

आम्ही फ्लुवोक्सामिन बंद केलं, एक दिवस क्लोझापिन थांबवलं आणि मग रोज १५० वर आणलं. दहा दिवसांनी तो बरा होऊन घरी गेला. तीन आठवड्यांनी आवाज परत आले. तेव्हाची पातळी १३०.

पंचेचाळीस मिनिटांत मी यातलं नेमकं काय ठसवू, आणि गोष्ट कुठे थांबवून मुलांना प्रश्न विचारू?

नीळकंठ_रे

मॅडम, मी दुसऱ्या वर्षाला आहे (दुसऱ्या कॉलेजात). केस फार छान आहे, पण एक शंका. एन्झाइम अडायला दोन आठवडे लागतात ना? म्हणून आकडी पंधराव्या दिवशी आली. मग चौथ्या दिवशीची लाळ म्हणजे क्लोझापिनचा नेहमीचाच त्रास असेल. आणि फ्लुवोक्सामिनऐवजी एसिटालोप्राम दिलं असतं तर प्रश्नच आला नसता.

सुमनकाकू

मी डॉक्टर नाही, पण शीर्षक वाचून आत आले. मला एसिटालोप्राम चालू आहे दोन वर्षं. गेल्या महिन्यात एसजीपीटी ५२ आली. म्हणजे माझ्या यकृतातली एन्झाइमं वाढलीत, अडलेली नाहीत. मग बाकीच्या औषधांचा जोर कमी होणार का? शेजारणीने लिव्हरचं टॉनिक सुचवलंय.

रानजाई

सुमनकाकू, नाव एकच पडलंय म्हणून हा घोटाळा होतो, आमच्या मुलांचाही होतो. एसजीपीटी म्हणजे यकृताच्या पेशींमधून रक्तात झिरपलेलं एन्झाइम. पेशींना त्रास झाला की ते वाढतं. मी म्हणतेय ती एन्झाइमं पेशीच्या आत बसून औषधं मोडतात, ती रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाहीत. माझ्या रुग्णाची एसजीपीटी पूर्ण नॉर्मल होती आणि तरी क्लोझापिन मोडणारं एन्झाइम जवळजवळ ठप्प होतं. तुमची ५२ थोडीच वर आहे. ती तुमच्या डॉक्टरांना दाखवा, गोळी मनाने बंद करू नका. आणि टॉनिक घ्यायच्या आधी त्याची बाटलीही त्यांना दाखवा.

कषाय

मी फार्माकॉलॉजीवाला. नीळकंठ, तुझं अर्धं बरोबर आहे. पण जे अर्धं चुकलंय त्यानेच पेशंट हातचा जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन आठवड्यांचा हिशोब एन्झाइम वाढण्याचा आहे. विडीचा धूर किंवा रिफाम्पिसिन यकृताला ‘जास्त एन्झाइम बनव’ असं सांगतात, आणि नवीन एन्झाइम तयार व्हायला दिवस जातात. अडवणं वेगळं. फ्लुवोक्सामिनचा रेणू एन्झाइमच्या जागेवर जाऊन बसला की त्याच घटकेपासून काम थांबतं. पहिल्या गोळीच्या रात्रीपासून क्लोझापिन मोडणारं सीवायपी१ए२ हे एन्झाइम मंदावतं.

पण मंदावलेलं एन्झाइम म्हणजे लगेच चौपट पातळी नाही. ही वाढ दोन दारांनी येते. क्लोझापिन तोंडाने घेतलं की त्यातला बराच भाग पहिल्याच फेरीत यकृतात मोडतो. ती मोडतोड थांबली की पुढच्याच गोळीचा जास्त भाग रक्तात उतरतो. हे पहिलं दार. दुसरं म्हणजे रक्तात असलेलं क्लोझापिन सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे रोज थोडं शिल्लक राहतं आणि साठत जातं. सहाव्या दिवशी मात्रा दुप्पट झाल्यावर तो साठा पुन्हा चढू लागला. म्हणून चौथ्या दिवशी लाळ आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आकडी. लाळ ही पहिली वर्दी होती.

एसिटालोप्रामबद्दल तू बरोबर आहेस, ते १ए२ ला जवळजवळ हात लावत नाही. पण क्लोझापिनसोबत ते देताना ईसीजीतला क्यूटी बघावा लागतो. ‘प्रश्नच नसता’ असं नको म्हणू, प्रश्न वेगळा असता. सर्ट्रालिनही नेहमीच्या मात्रेत बरंच सोयीचं.

घाटवाट

वीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. रानजाई, गोष्ट बाराव्या दिवशी थांबवा. न्यूट्रोफिलचा रिपोर्ट आणि आईचं वाक्य दोन्ही पडद्यावर ठेवा आणि विचारा, यातलं महत्त्वाचं कोणतं?

क्लोझापिन म्हटलं की आपण रक्तपेशी बघायला शिकतो, आणि ते केलंच पाहिजे. पण पेशी घटण्याचा धोका मात्रेवर अवलंबून नसतो. पातळी चौपट झाली तरी न्यूट्रोफिल छान असू शकतात. म्हणजे त्या रिपोर्टाने या धोक्याबद्दल काहीच सांगितलं नाही, उलट सगळ्यांना निर्धास्त केलं. आकडी मात्र मात्रेशी आणि पातळीशी बांधलेली आहे. हाताचे हिसके म्हणजे मायोक्लोनस, आकडीच्या आधीची पायरी. कप पडला हे त्या दिवशीचं खरं लॅब रिपोर्ट होतं.

कोकणी_माणूस

माझा धाकटा भाऊ क्लोझापिनवर आहे, म्हणून विचारतो. गेल्या वर्षी मांडी मोडली म्हणून तो तीन आठवडे हाडांच्या वॉर्डात होता. तिथे दहाव्या दिवसापासून नुसता झोपून, लाळ गळतेय, जीभ जड. सगळे म्हणाले वेदनेच्या औषधाने. घरी आला आणि आठवड्याभरात आपोआप सुधारला. त्याला फ्लुवोक्सामिन कधीच नव्हतं. वर विडीचा उल्लेख वाचला आणि चमकलो. वॉर्डात त्याला विडी मिळत नव्हती. घरी आल्यावर पुन्हा सुरू केली. हे त्याचं असेल का?

कषाय

बहुधा तेच, दादा. धुरातल्या घटकांनी १ए२ वाढलेलं असतं, म्हणून विडी ओढणाऱ्याला क्लोझापिन जास्त लागतं. विडी थांबली की काही दिवसांत एन्झाइम मूळ पातळीवर येतं आणि आधीचीच मात्रा दीडपट असल्यासारखी वागते. वेदनेच्या औषधाने झोप वाढली नसेल असं नाही, पण दहावा दिवस आणि घरी जाऊन सुधारणा हे विडीशी जुळतं. हे निकोटिनमुळे होत नाही, धुरामुळे होतं. निकोटिनचा च्युइंगगम दिला तरी एन्झाइम खाली यायचं ते येतंच.

तुमच्या भावाच्या क्लोझापिनच्या कागदावर ‘विडी बंद झाल्यास आधी कळवा’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. इतर वॉर्डातल्या लोकांना हे सहसा ठाऊक नसतं.

कोकणी_माणूस

लिहून घेतो, आभार. आई त्याला विडीऐवजी मशेरी लाव म्हणते. त्यात धूर नाही, म्हणजे मशेरी तंबाखू मळण्यासारखीच धरायची?

कषाय

मळलेली तंबाखू, गुटखा यांत धूर नाही, तिथे एन्झाइम वाढत नाही. पण मशेरी तव्यावर जाळून करतात, आणि जळण्यातूनच ते घटक तयार होतात. म्हणून ती ‘तंबाखूसारखीच’ असं मी ठामपणे सांगणार नाही. बदल करणार असाल तर आधी आणि दोन आठवड्यांनी पातळी करून घ्या. आणि तोंडाच्या कॅन्सरसाठी मशेरी काही बरी नाही, हे आईंना सांगाच.

डॉ_तिठा

तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस. हा धागा वाचून एक जुना पेशंट आठवला. ओसीडीसाठी शहरातून फ्लुवोक्सामिन चालू होतं. कंबर धरली म्हणून मी टिझानिडिन लिहिलं, इकडे ते सर्रास देतात. दोन तासांत रक्तदाब ८०/५०, दवाखान्याच्या पायरीवरच चक्कर येऊन पडल्या. तेव्हा मला वाटायचं की मनोविकाराच्या गोळ्या फक्त आपसात भांडतात. टिझानिडिनही याच १ए२ वर मोडतं, हे मी त्या दिवसानंतर शिकलो.

कषाय सर, जुलाबाला सिप्रोफ्लॉक्सासिन आम्ही खूप देतो. तेही याच वर्गात का?

कषाय

हो. फ्लुवोक्सामिन आणि टिझानिडिन ही जोडी तर देऊच नये, पातळी तीसपटीपर्यंत गेल्याचं मोजलेलं आहे. सिप्रोही १ए२ ला जोरात अडवतं. क्लोझापिनच्या पेशंटला जुलाब झाले तर दुसरं प्रतिजैविक बघा, तेही खरंच लागत असेल तर. आणि तापातही सावध राहा. जोराच्या संसर्गात शरीर स्वतःच हे एन्झाइम दाबतं, म्हणजे कोणतीही नवी गोळी न देता क्लोझापिन चढू शकतं.

नीळकंठ_रे

कषाय सर, दोन दारांचं समजलं, धन्यवाद. एक गणित करून बघितलं, चुकलं तर सांगा. ३५० मिग्रॅला ३२० पातळी, म्हणजे १५० ला साधारण १३७. घरी गेल्यावरची पातळी १३० आलीच. म्हणजे तेव्हा तो फ्लुवोक्सामिनशिवाय आणि विडीसह पूर्वीच्याच हिशोबावर होता. आवाज परत येणारच होते.

रानजाई

नीळकंठ, हेच मला मुलांकडून काढून घ्यायचंय. आमची दुसरी चूक हीच. फ्लुवोक्सामिन बंद केलं हे ठीक, पण ते काढणं हीसुद्धा एक इंटरॅक्शनच आहे हे कोणी बोललं नाही. ते साधारण तीन-चार दिवसांत अंगातून गेलं, एन्झाइम मोकळं झालं. वॉर्डात विडी नव्हती म्हणून पातळी तरी थोडी टिकून राहिली, आणि घरी जाऊन त्याने पहिल्याच संध्याकाळी विडी पेटवली. १५० ही मात्रा अडवलेल्या एन्झाइमसाठी ठीक होती, मोकळ्यासाठी फार कमी. डिस्चार्जच्या कागदावर ‘दोन आठवड्यांनी या’ एवढंच होतं.

घाटवाट

इथेच मुलांना विचारा की या जागी फ्लुओक्सेटिन असतं तर काय झालं असतं? त्याचा मुख्य मारा दुसऱ्या एन्झाइमवर, २डी६ वर, पण काळाचा फरक समजून घेण्यासाठी विचारा. ते आणि त्याचा मेटाबोलाइट अंगात आठवडे रेंगाळतात. गोळी आज बंद केली तरी अडवणूक महिनाभर चालू राहते. एखाद्याला फ्लुओक्सेटिन थांबवून तिसऱ्या दिवशी नॉरट्रिप्टिलिन पूर्ण मात्रेत दिलं, तर पेशंटच्या यादीत फ्लुओक्सेटिन नाही, पण यकृतात आहे. मी हे प्रत्यक्ष बघितलंय, कोरडं तोंड, लघवी अडलेली आणि नाडी १३०.

विदर्भकन्या

मी इंग्लंडमध्ये काम करते. थोडा विरोधी सूर लावते. आमच्याकडे काही जण फ्लुवोक्सामिन मुद्दाम देतात, २५ किंवा ५० मिग्रॅ, जेव्हा क्लोझापिन ६००-७०० पर्यंत वाढवूनही पातळी ३५० च्या वर जात नाही. मात्रा आधी कमी करतात, पातळी वरचेवर बघतात. क्लोझापिन मोडून बनणाऱ्या नॉरक्लोझापिनचं क्लोझापिनच्या तुलनेतलं प्रमाणही त्यात घटतं. माझ्या दोन रुग्णांना याचा चांगला उपयोग झाला. मुलांना फक्त ‘ही जोडी वाईट’ असं शिकवू नका.

कषाय

विदर्भकन्या, ते जाणूनबुजून करणं मान्य. पण तुमच्याकडे पातळीचा रिपोर्ट काही दिवसांत येतो. रानजाईंना आठवडा लागला, आणि तालुक्यात तर तो होतच नाही. शिवाय अशा पेशंटने फ्लुवोक्सामिनच्या चार गोळ्या चुकवल्या तर क्लोझापिन न चुकवताही त्याची पातळी कोसळते. इथे गोळ्या संपल्या तर लोक पुढच्या पगारापर्यंत थांबतात. माझं मत, आपल्याकडे ती वाट फार थोड्यांसाठी.

विदर्भकन्या

थोड्यांसाठी, हे मान्य. पण ज्याला दुसरं काहीच लागू पडत नाही, त्याच्यासाठी ती वाट आहे हे रेसिडेंटला ठाऊक असावं. एवढ्यावर मी ठाम आहे.

डॉ_तिठा

पातळी होत नसेल तर आमच्यासारख्याने ओळखायचं कसं?

घाटवाट

चहा विचारा! चहा-कॉफीतलं कॅफिन याच १ए२ वर मोडतं. फ्लुवोक्सामिनवर त्याचं अर्ध-आयुष्य पाच तासांवरून तीसच्या आसपास जातं. दिवसाला सहा कप पिणारा माणूस सांगतो, ‘हल्ली सकाळच्या चहानेच छाती धडधडते, रात्री झोप नाही.’ ते ऐकलं की समजावं, एन्झाइम अडलंय. मग झोप, लाळ, चालणं, हिसके आणि पोट बघायचं. क्लोझापिनवर बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते, म्हणून ‘पोट साफ होतं का’ हा प्रश्न सोडू नका. अर्थात क्लोझापिनची झोप जोरात असेल तर धडधड झाकली जाते, त्यामुळे चहा बोलला नाही म्हणजे सगळं ठीक असं नव्हे.

सुमनकाकू

टॉनिक घेतलं नाही. डॉक्टरांना सगळ्या स्ट्रिप्स नेऊन दाखवल्या. त्यात डोकेदुखीची एक गोळी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली निघाली, ती त्यांना माहीतच नव्हती. एसजीपीटी महिन्याने पुन्हा करायची आहे.

रानजाई

काकू, फार चांगलं केलंत.

तास झाला, म्हणून परत आले. घाटवाटांच्या सांगण्यावरून बाराव्या दिवशी थांबवलं. चौदा जणांतल्या अकरांनी न्यूट्रोफिलकडे बोट दाखवलं. मग मी विचारलं, फ्लुवोक्सामिन द्यायचंच असतं तर त्या दिवशी क्लोझापिन किती ठेवलं असतं? क्लोझापिनच्या अमेरिकी लेबलवर १ए२ ला जोरात अडवणारं औषध सोबत असेल तर मात्रा एक तृतीयांश करा असं आहे. ३५० चे साधारण ११५, म्हणून मुलांनी १०० ते १२५ ठरवलं. मग पातळी घ्यायची कधी, यावर बराच वाद झाला. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. दोघांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ते गोळी दिल्यावर रक्त घेत आलेत. म्हणजे आमच्या काही जुन्या आकड्यांवर आता विश्वास ठेवता येणार नाही.

शेवटी पहिल्या वर्षाच्या मुलीने विचारलं, ‘फ्लुवोक्सामिन चालू असतानाच तो विडी सोडतो म्हणाला तर? एन्झाइम आधीच अडलंय, मग विडी सोडल्याने पातळी किती वाढेल?’ मी म्हटलं, जितकं अडलंय तितका विडीचा फरक कमी पडेल, पण त्यावर विसंबू नको, पातळी कर. तिला ते पुरेसं वाटलं नाही, आणि मलाही. कषाय, तुमच्याकडे याहून चांगलं उत्तर आहे का?

शुक्रवारपासून आमच्या क्लोझापिनच्या कागदावर एक नवी ओळ छापून घेतली आहे: ‘विडी रोज किती, शेवटची कधी.’

कोकणी_माणूस

ताई, त्या ओळीचा फोटो इथे टाकाल का? भावाच्या फाइलीत तशीच लिहून घेतो.